पार्सल फुटकं आलं तर मेल असा धाडा, आणि किती पैसे परत हवेत ते पहिल्या ओळीतच सांगा

आमच्या दुकानात झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म सगळं चालतं, पण पावसाळा सुरू झाला की डिचोली, साखळी, वाळपईकडून लोक एकच काम घेऊन येतात, ऑनलाइन मागवलेलं सामान फुटून आलं, भिजून आलं, आता सेलरला मेल करून द्या. मेल आम्ही टाइप करून देतो, तीस रुपये घेतो. पण खरं सांगायचं तर निम्मे लोक आमच्याकडे येतात तेव्हा एक मेल घरून आधीच गेलेला असतो, आणि त्यातच गडबड झालेली असते. म्हणून हा कागद काउंटरवर ठेवलाय, घरी घेऊन जा.

वाळपईच्या काकींचा डिनर सेट

चवथीला माणसं येणार म्हणून काकींनी अठरा पिसांचा डिनर सेट मागवला. सेट २,१९९ रुपये, डिलिव्हरीचे ८० वेगळे, एकूण २,२७९, यूपीआयने आधीच भरलेले. बॉक्स आला तो एका कोपऱ्यात दबलेला आणि खालून ओला. उघडला तर तीन प्लेटी फुटलेल्या, एका बाऊलला तडा. काकींनी त्याच संध्याकाळी मुलाच्या फोनवरून मेल केला, तो साधारण असा होता:

"तुमचं सामान खूप खराब आलं आहे. आम्ही सणासाठी मागवलं होतं, पाहुणे येणार आहेत, आता आम्ही काय करायचं? तुमची सर्व्हिस अजिबात चांगली नाही. कृपया लवकरात लवकर योग्य ती कारवाई करावी."

राग बरोबर आहे, कोणालाही येईल. पण यात ऑर्डर नंबर नाही, काय फुटलं ते नाही, आणि मुख्य म्हणजे काकींना काय हवंय तेच नाही. तिकडे बसलेला मुलगा किंवा मुलगी दिवसभर असले मेल बघते, तिला स्क्रीनवर रिफंड, बदली किंवा "माहिती अपुरी" यातलं एक काहीतरी निवडायचं असतं. "योग्य ती कारवाई" वाचून ती तिसरंच निवडणार. तसंच झालं, दोन दिवसांनी उत्तर आलं, गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया तपशील पाठवा. दोन दिवस फुकट गेले.

मग आम्ही त्याच मेलला रिप्लाय करून (नवीन मेल काढू नका, त्याच साखळीत राहा म्हणजे पहिल्या तक्रारीची तारीख टिकते) हे लिहिलं:

विषय: ऑर्डर ४४१७०९, डिनर सेट फुटून आला, २,२७९ रुपयांचा पूर्ण रिफंड हवा

"मला या ऑर्डरचे २,२७९ रुपये (सेट २,१९९ + डिलिव्हरी ८०) ज्या यूपीआय खात्यातून भरले त्याच खात्यात २८ ऑगस्टपर्यंत परत हवेत. बदली सेट, कूपन किंवा वॉलेटमधली रक्कम नको.

पार्सल १८ ऑगस्टला मिळालं. बॉक्सचा एक कोपरा दबलेला आणि तळ ओला होता. १८ पैकी ३ प्लेटी फुटल्या आहेत, १ बाऊलला तडा आहे. ५ फोटो आणि बिल जोडलं आहे. सगळं सामान मूळ बॉक्ससकट ठेवलं आहे, पिकअप पाठवा, त्याचा खर्च तुमचा.

तक्रारीचा तिकीट नंबर आणि तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव कळवा."

एवढंच. सणाचा, पाहुण्यांचा उल्लेख काढला कारण त्याने रिफंड ठरत नाही. सेलर बाहेरचा असेल तर हेच इंग्लिशमध्ये करून देतो, क्रम बदलत नाही.

पूर्ण रिफंड का, चारच पिसं फुटली ना, असं काकींनी स्वतःच विचारलं. सेट म्हणून विकलं तर सेट म्हणूनच परत करता येतं, चौदा पिसं ठेवून घेऊन चौदाचे पैसे द्यायला तुम्ही बांधील नाही. पण तुम्हाला उरलेली पिसं चालत असतील आणि थोडे पैसे परत घेऊन मिटवायचं असेल तर तेही मागता येतं, मग तेवढाच आकडा लिहा. "रिफंड किंवा बदली, जे जमेल ते" असं मात्र लिहू नका, कारण सेलर त्याला स्वस्त पडेल तेच निवडणार आणि परत तसलाच बॉक्स त्याच ट्रकमधून येणार.

फोटो

फोटोवरून तीन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या पाहिजेत, हा बॉक्स तुमच्याच ऑर्डरचा आहे, बॉक्सला मार बसलाय, आणि त्याच बॉक्समधलं सामान फुटलंय. लोक फक्त फुटलेल्या प्लेटीचा फोटो धाडतात, तो कुठल्याही प्लेटीचा असू शकतो. काकींचे पाच फोटो असे होते: लेबल, वाचता येईल इतकं जवळून, लेबल आणि दबलेला कोपरा एकाच फोटोत, हा सगळ्यात कामाचा, ओला तळ, बॉक्स उघडल्यावर आतलं सामान जसं होतं तसं, कागद-थर्माकोल न हलवता, आणि शेवटी फुटलेली चारही पिसं एका पेपरवर मांडून. चौथ्या फोटोत दिसलं की प्लेटींच्या मधे काहीच घातलं नव्हतं, नुसता एक बबल रॅप सगळ्या गठ्ठ्याभोवती, आणि सेलरकडे त्याला उत्तर नव्हतं.

भिजलेल्या पार्सलचं एक वेगळं आहे, पुठ्ठा पंख्याखाली संध्याकाळपर्यंत सुकतो आणि मग डाग असला तरी फोटोत धड दिसत नाही. त्यामुळे ओला असतानाच, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश मारला तर चिकटपट्टी चमकते आणि लेबल पांढरं पडतं.

आमच्याकडे फोटो व्हॉट्सॲपवर धाडत असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून धाडा. नेहमीसारखा धाडला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, आणि लेबलावरचे बारीक आकडे पुसट होतात. जीमेलमधून २५ एमबीपर्यंत जातं, त्याहून मोठं झालं की ते आपोआप ड्राइव्हची लिंक बनवतं, आणि लिंक उघडायची परवानगी समोरच्याला नसली तर तो "फोटो मिळाले नाहीत" म्हणून मोकळा. चार-पाच फोटो आरामात बसतात, व्हिडिओ असेल तर दुसऱ्या मेलने. आयफोनवाल्यांनी फाइलच्या नावाशेवटी `.heic` आहे का बघा, काही ठिकाणी ती उघडत नाही, आम्ही `.jpg` करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही म्हणून रिफंड नाही असं सांगतात हल्ली. व्हिडिओ असला तर चांगलंच, भांडण लवकर मिटतं. पण सरकारच्या ई-कॉमर्स नियमांत तशी अट नाही, वस्तू सदोष असली तर सेलरने परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार द्यायचा नाही असं त्यात आहे. व्हिडिओ नसला तर तसं सरळ लिहा आणि फोटो पुढे करा.

आणि लेबलावर तुमचं नाव, फोन, पत्ता सगळं असतं. सेलरला ते माहीतच आहे, पण तोच फोटो रागाच्या भरात गावाच्या ग्रुपवर टाकू नका.

पुढे काय काय उत्तरं येतात

काकींना आधी ४०० रुपयांचं कूपन दिलं. त्याला एका ओळीचं उत्तर, "कूपन स्वीकारत नाही, १८ ऑगस्टच्या पार्सलचे २,२७९ रुपये मूळ खात्यात हवेत." ॲपमध्ये कूपनचं बटण चुकून दाबू नका, दाबलं की ते तक्रार मिटली म्हणून बंद करतात.

मग आलं, नुकसान कुरिअरने केलंय, त्यांच्याशी बोला. आमच्या मते नव्वद टक्के लोक इथेच थकतात आणि कुरिअरच्या ऑफिसात चकरा मारायला लागतात. तुम्ही पैसे कुरिअरला दिले नाहीत, कुरिअर सेलरने ठरवला, त्यांचं त्यांच्यात बघून घेऊ दे. डिलिव्हरीवाल्या पोराला ओटीपी दिला याचा अर्थही बॉक्स हातात आला एवढाच, आतलं सामान ठीक होतं असा नाही.

शेवटी "रिफंड इनिशिएट केला" असा मेल येतो, त्यावर खूश होऊन बॉक्स टाकून देऊ नका. व्यवहाराचा रेफरन्स नंबर मागा, म्हणजे बँकेत विचारता येतं. पिकअपवाला मूळ बॉक्स नसेल तर कधी कधी सामान घ्यायला नकार देतो, तेव्हा पैसे खात्यात दिसेपर्यंत फुटके तुकडेसुद्धा ठेवा (पोरांपासून लांब). कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर खातं नंबर आणि आयएफएससी द्यावा लागतो, तेवढाच द्या. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर बसलेले असतात आणि ते स्क्रीन शेअर करायला लावतात. मेलचा पत्ता बिलावरून नाहीतर ऑर्डरच्या मेलमधून घ्या.

किती दिवस थांबायचं

२०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. मेलमध्ये दहा दिवस आपण मागतो ती आपली मागणी, कायद्याची मुदत नव्हे, म्हणून तिसऱ्याच दिवशी कोर्टाची धमकी देऊ नका. उलट सेलरच्या स्वतःच्या पॉलिसीत तक्रार करायला दोनच दिवस दिलेले असतात कधी कधी, त्यामुळे आपला मेल मात्र त्याच दिवशी जाऊ दे.

पोचसुद्धा आली नाही तर १९१५ वर फोन लावा, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फोन करताना तिकीट नंबर, बिल, मेलची तारीख हाताशी ठेवा. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आपल्या उत्तर गोव्याचा पर्वरीला आहे. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार घालता येते, सेलर दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मात्र इन्स्टावर कोणीतरी घरातली जुनी वस्तू विकली आणि तुम्ही बिलाशिवाय पैसे धाडलेत, तर हे ई-कॉमर्सचे नियम तिथे धड लागत नाहीत, ते आधीच सांगून ठेवतो.

आमच्याकडे येताना फोन चार्ज करून आणा, ज्या मेल आयडीवरून ऑर्डर केली त्याचा पासवर्ड आठवत असावा, आणि बॉक्स आणायची गरज नाही, फोटो पुरतात. रविवारी दुकान बंद.