पर्सनल लोनचा मोरेटोरियम : वाढीव व्याज आणि नवी शेवटची तारीख

कर्जाचे हप्ते काही महिने थांबवायची सवलत, पण व्याज थांबत नाही. भारतात यातलं सगळ्यात मोठं उदाहरण कोविडच्या वेळचं. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला बँकांना परवानगी दिली ती १ मार्च ते ३१ मेच्या हप्त्यांपुरती, मग मे महिन्यात ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. सवलत घ्यायची की नाही हे कर्जदारावर होतं, आणि बाकी रकमेवर व्याज लागत राहणार हे त्याच परिपत्रकात लिहिलेलं होतं, लोकांनी वाचलं नाही ती गोष्ट वेगळी.

एक हिशोब धरू. ५ फेब्रुवारी २०२० चा हप्ता गेल्यावर स्टेटमेंटमध्ये बाकी २,००,०००, दर १५ टक्के म्हणजे महिन्याला सव्वा टक्का, हप्ता ९,६९७, उरलेले हप्ते २४, शेवटचा फेब्रुवारी २०२२ मध्ये. मार्च ते ऑगस्ट हप्ता भरला नाही. स्टेटमेंटमध्ये आता फक्त व्याजाच्या डेबिट एंट्र्या दिसतात, क्रेडिटचा रकाना कोरा. पहिली एंट्री २,५०० ची, दुसरी २,५३१ ची, कारण पहिलं व्याज बाकीत मिळवलं गेलं. ऑगस्टच्या एंट्रीनंतर बाकी २,१५,४७७. (रोजच्या दिवसांवर व्याज काढणाऱ्या बँकेत हे आकडे थोडे हलतात, ३१ दिवसांच्या महिन्यात जास्त येतं, ते चुकलंय असं समजू नये.)

आता हप्ता तोच ठेवला तर किती हप्ते लागतील ते एक्सेलमध्ये असं निघतं:

```
=NPER(15%/12,-9697,215477)
```

उत्तर २६.१९. म्हणजे सप्टेंबर २०२० पासून २६ पूर्ण हप्ते, ऑक्टोबर २०२२ पर्यंत, आणि नोव्हेंबर २०२२ ला साधारण १,८९५ चा छोटा शेवटचा हप्ता. सहा महिने थांबलो तर कर्ज सहा महिनेच पुढे जाईल असं बहुतेकांना वाटतं, इथे ते नऊ महिने गेलं. सहाच महिने पुढे न्यायचं तर हप्ता १०,४४८ होतो आणि कर्ज ऑगस्ट २०२२ ला संपतं. बँकेने यातलं काय केलंय ते नव्या परतफेड तक्त्यावरूनच कळतं, जुना तक्ता घेऊन बसलं तर हिशोब जुळणारच नाही.

वाढीव व्याज नक्की किती, यावर मात्र एकमत नाही. सहा महिन्यांत डेबिट झालेले १५,४७७ हेच वाढीव असं बरेच जण धरतात, पण ते बरोबर वाटत नाही, कारण हप्ते भरले असते तरी त्या सहा महिन्यांत १३,६२८ व्याज गेलंच असतं, त्यामुळे त्या काळातला खरा फरक जेमतेम १,८४९. मोठा भाग नंतरचा आहे : मुद्दल कमी झालंच नाही म्हणून सप्टेंबरनंतर आधीपेक्षा १९,४३१ जास्त जातात. दोन्ही मिळून २१,२८०, आणि जुन्या-नव्या तक्त्यातल्या एकूण व्याजाची वजाबाकी केली की हाच आकडा येतो, म्हणून हीच पद्धत घ्यावी. तिसरा एक पक्ष म्हणतो की न भरलेले ५८,१८२ तेवढा काळ कर्जदाराच्या हातात होते, मग तोटा कसला. ते पैसे १५ टक्क्यांनी कुठे वाढत असतील तर म्हणणं ठीक आहे, पण घरखर्चात गेलेल्या पैशाला ते लागू होत नाही.

व्याजावरचं व्याज हा वेगळा वाद, तो सुप्रीम कोर्टात गेला. केंद्राने २३ ऑक्टोबर २०२० ला योजना आणली, २ कोटीपर्यंतच्या ठरावीक प्रकारच्या कर्जांसाठी सहा महिन्यांच्या चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत द्यायचा, ५ नोव्हेंबरपर्यंत खात्यात जमा. मोरेटोरियम घेतला नसला तरी मिळाला. मग २३ मार्च २०२१ च्या निकालात कोर्टाने त्या काळाचं व्याजावरचं व्याज कोणाकडूनच घेऊ नका, घेतलं असेल तर परत करा किंवा पुढच्या हप्त्यात वळतं करा असं सांगितलं, पण मूळ व्याज माफ करायला नकार दिला.

आपल्या उदाहरणात सरळ व्याज १५,०००, म्हणजे फरक ४७७. ५ नोव्हेंबर २०२० ला ही क्रेडिट एंट्री कर्जखात्यात पडली आणि बाकीतून वजा झाली तर शेवटचा हप्ता १,८९५ वरून साधारण १,२५२ वर येतो. महिना नोव्हेंबर २०२२ च राहतो. आपोआप हप्ता कापायला दिलेल्या मँडेटची मुदत मात्र जुन्या तारखेला, फेब्रुवारी २०२२ च्या आसपास संपत असेल तर मार्चपासूनचे हप्ते कापलेच जात नाहीत, आणि स्टेटमेंटमध्ये हप्त्याच्या जागी दंडाची एंट्री दिसली की बहुतेकदा कारण हेच निघतं.