चित्र सोफ्यापासून का सुटतं?

गेल्या महिन्यात मोठ्या भावाच्या मनीषनगरातल्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. हॉलमध्ये सात फुटी सोफा आणि त्याच्या वर भिंतीवर संत्र्याच्या बागेचं एक सुरेख जलरंगातलं चित्र. जेवणं आटोपल्यावर वहिनीनं हळूच विचारलं, "भाऊजी, चित्र छान आहे नं? मग भिंतीवर असं पोरकं का दिसतं?" त्याआधीच तिला दोन सल्ले मिळून गेले होते. एका नातेवाइकाच्या मते त्या जागी सात धावते घोडे हवेत, आणि घोडे कुठल्या दिशेला धावावेत यावरून पंगतीत दोन तट पडले होते. दुसरा सल्ला व्हॉट्सॲपवरचा होता: चौकट 'गोल्डन रेशो'त असली म्हणजे झालं.

घोड्यांचं सोडून देऊ. भिंतीला दिशा कळत नाही, तिला टेप कळतो. गोल्डन रेशोबद्दल मात्र दोन शब्द सांगायला हवेत, कारण तो विज्ञानाचा अंगरखा घालून येतो. गुस्ताव फेक्नर या जर्मन शास्त्रज्ञानं लोकांपुढे वेगवेगळ्या प्रमाणांचे दहा आयत ठेवून 'आवडता कोणता' असं विचारलं होतं, आणि १८७६ साली आपल्या सौंदर्यशास्त्रावरच्या ग्रंथात त्याची हकीकत दिली. त्यात लांबी रुंदीच्या साधारण १.६१८ पट असलेल्या, म्हणजे गोल्डन रेशोतल्या आयताला सर्वाधिक पसंती मिळाली. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा तो निकाल एकसारखा टिकला नाही. आणि टिकला असता तरी वहिनीचा प्रश्न सुटला नसता. तो प्रयोग एकट्या आयताचा होता. आयताच्या खाली सोफा ठेवला की काय होतं, हे त्यात कोणी विचारलंच नव्हतं.

मी टेप मागितला. सोफा ८४ इंच रुंद, पाठीची उंची जमिनीपासून ३३ इंच. छत १२० इंचांवर, म्हणजे दहा फूट. चित्र चौकटीसह २४ इंच रुंद, १८ इंच उंच. सुतारानं उभ्यानं, हात सहज पोचेल तिथे, साडेसहा फुटांवर खिळा ठोकला होता. त्यामुळे चौकटीची वरची कड ८० इंचांवर आणि खालची ६२ इंचांवर गेली होती. सोफ्याची पाठ आणि चौकटीची खालची कड यांच्यात उरले २९ इंच. हे अंतर चित्राच्या स्वतःच्या उंचीहून मोठं. वरच्या बाजूला छतापर्यंत ४० इंच मोकळे.

आता कागदावर एका ओळीत सहा ठिपके काढा, पण जोडी-जोडीनं: दोन जवळ, मग थोडी जागा, पुन्हा दोन जवळ. कोणालाही विचारा, काय दिसतं? 'तीन जोड्या' असंच उत्तर येईल, 'सहा ठिपके' असं नाही. जोडी कागदावर कुठेच लिहिलेली नाही, ती डोळ्यामागच्या मेंदूनं बांधली. माक्स वर्थहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९२३ मध्ये दृष्टीच्या अशा गट बांधण्याच्या नियमांवर निबंध लिहिला, आणि त्यातला सर्वात पहिला, सर्वात हट्टी नियम म्हणजे जवळीक. गंमत अशी की ही जवळीक इंचांत मोजली जात नाही. ठिपक्यांचा कागद दुप्पट मोठा करून छापा, सगळी अंतरं दुप्पट होतील, तरी जोड्या तशाच दिसतील. मेंदू एका अंतराची दुसऱ्या अंतराशी तुलना करतो.

वहिनीच्या भिंतीवर ही तुलना लावून पाहा. खाली २९, वर ४०. चित्र सोफ्याचं की छताचं, हे मेंदूला ठरवता येईल एवढा फरक या दोन आकड्यांत नाही. म्हणून तो चित्राला कोणाच्याच गटात घालत नाही, आणि वहिनीला ते पोरकं दिसतं. तेच चित्र खाली आणून सोफ्याच्या पाठीपासून ८ इंचांवर टांगलं तर वर ६१ इंच उरतात. एकास साडेसात. आता शंकेला जागा नाही. चित्र आणि सोफा ही एक वस्तू झाली.

घरसजावटीची पुस्तकं 'सोफ्यावर ६ ते १० इंच' असं सांगतात ते यामुळेच. पण मला तो नियम इंचांत सांगितलेला आवडत नाही. ३० इंच उंच चित्राला ८ इंच ठीक आहेत. एक फुटाच्या चित्राला तेवढेच ८ इंच म्हणजे त्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांश झाले, ते पुन्हा सुटायला लागतं. लहान चित्र आणखी खाली, ४-५ इंचांपर्यंत आणावं. मधलं अंतर चित्राच्या उंचीच्या साधारण पाव भाग, असं मी धरतो.

आता रुंदी. हात सरळ पुढे करून मूठ आवळा. ती मूठ डोळ्याशी साधारण १० अंशांचा कोन करते. आकाश पाहणारे हौशी लोक ताऱ्यांमधली अंतरं अशीच मोजतात. समोरच्या खुर्चीवर, दहा फुटांवर बसून मोजलं तर वहिनीचा सोफा जवळजवळ चार मुठी भरतो आणि चित्र जेमतेम सव्वा मूठ. गणितानं सोफ्याचा कोन सुमारे ३९ अंश येतो, चित्राचा ११. मागे सरका, दोन्ही कोन लहान होतात, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं जवळपास तसंच राहतं. म्हणून 'लांबून बघ, बरं दिसेल' या दिलाशात अर्थ नसतो. चित्राची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश असावी, हा प्रचलित ठोकताळा प्रमाणात सांगितलेला आहे, इंचांत नाही, ते बरंच आहे. ८४ इंचांच्या सोफ्याला ५६ ते ६३ इंच. अगदी सोफ्याएवढं रुंद चित्र घेतलं तर वेगळीच अडचण येते: दोन्ही कडा जवळपास जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत, आणि तो अर्ध्या इंचाचा फरक डोळ्याला रोज टोचत राहतो.

इथे भावानं हरकत घेतली. त्यानं कुठेतरी वाचलं होतं की चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर असावा. वाचलं ते खरं आहे, कलादालनांत साधारण ५७ ते ६० इंचांचा हा संकेत पाळला जातो, कारण उभ्या माणसाची नजर त्याच्या आसपास असते. पण दालनात आपण उभ्यानं फिरतो, आणि चित्राखाली सोफा नसतो. हॉलमध्ये आपण बसलेले असतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारे ४४ इंचांवर येतो. वहिनीच्या चित्राचा मध्य ७१ इंचांवर होता, म्हणजे दहा फुटांवरून नजर जवळजवळ १३ अंश वर उचलावी लागत होती. मध्य ५७ वर असता तर हा कोन सहा अंशांवर येतो. आरामात बसलेल्या माणसाची नजर आपोआप किंचित खाली झुकते, त्यामुळे हे सात अंश रोजच्या वापरात जाणवतात.

मग दोन नियमांत भांडण आहे का? लहान चित्रापुरतं आहे. १८ इंची चित्र सोफ्यावर ८ इंचांवर ठेवलं तर मध्य ५० वर येतो. मध्य ५७ वर न्यावा तर मधलं अंतर १५ इंच होतं, म्हणजे चित्र पुन्हा सुटायला लागतं. अशा वेळी मी बिनदिक्कत सोफ्याची बाजू घेतो. पण हे भांडण मिटवणारं एक मापही आहे, आणि ते काढायला सातवीचं बीजगणित पुरतं. सोफ्याची पाठ ३३, मधलं अंतर ८, त्यात चित्राची अर्धी उंची मिळवून ५७ यायला हवेत. म्हणजे अर्धी उंची १६, पूर्ण उंची ३२. मधले ८ इंच याचा बरोबर पाव भाग आहेत. रुंदी ५६ आणि उंची ३२. या भिंतीला या मापाचं चित्र हवं होतं.

एवढं मोठं चित्र घ्यायलाच हवं असं नाही. १६ इंच रुंद, ३२ इंच उंच अशा तीन चौकटी मध्ये चार-चार इंच सोडून लावल्या की १६ गुणिले ३ अधिक ८, बरोबर ५६ होतात. पुन्हा जवळीकच: मधली जागा चार इंचांची असेल तर मेंदू तिन्ही चौकटींना एकच चित्र समजतो, दहा इंचांची असेल तर समजत नाही.

खिळ्याची जागा ठरवताना बहुतेक लोक चुकतात, कारण ते चौकटीची वरची कड खिळ्यापाशी येईल असं धरतात. चौकटीमागची तार बोटानं वर ताणा आणि ताणलेल्या तारेचा सर्वात वरचा बिंदू चौकटीच्या वरच्या कडेपासून किती खाली येतो ते मोजा. समजा ४ इंच. मग खालची कड ४१, त्यात उंची ३२ मिळवा आणि ४ वजा करा: खिळा ६९ इंचांवर. ड्रिल मारण्याआधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाचा कागद भिंतीवर लावून ठेवा आणि दोन दिवस बसून बघा. कागद काढता येतो, गिट्टीचं भोक बुजवलं तरी दिसतं.

हे सगळं पाठ असलेल्या सोफ्याचं झालं. आपल्याकडे अनेक घरांत भिंतीला टेकवलेला दिवाण असतो, गादीसह १८ इंच उंच, आणि लोड घेऊन माणसं थेट भिंतीला टेकतात. तिथे हा नियम लावला तर चित्र कोणाच्या तरी डोक्यामागे येईल, आणि तेल लावलेल्या डोक्यांचा भिंतीवरचा डाग सगळ्यांनी पाहिलेला आहे. गादीवर ताठ बसलेल्या माणसाचं डोकं ५१-५२ इंचांपर्यंत जातं, म्हणजे चित्राची खालची कड ५४ च्या वरच हवी. गादीपासून ते अंतर तीन फुटांचं. इथे जवळीक हरते.

पण मेंदूकडे गट बांधायचा आणखी एक मार्ग आहे. स्टीफन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की एकाच कुंपणात असलेल्या वस्तू, त्या दूर असल्या तरी, मेंदू एकत्र धरतो. म्हणून दिवाणामागच्या भिंतीवर, दिवाणाच्याच रुंदीचा, गादीपासून चित्राच्या थोडं वरपर्यंत जाणारा वेगळ्या रंगाचा पट्टा मारावा. दिवाण आणि चित्र दोन्ही त्या पट्ट्यात येतात, आणि मधले तीन फूट खटकत नाहीत. डाग लपवायला पट्ट्याचा रंग गडद घेतला तर तेही काम होतं.

वहिनीनं अजून नवं चित्र घेतलेलं नाही. कूलरच्या झोतासमोर कागदाचं चित्र लावू नकोस, दमट हवेनं काचेआड सुरकुत्या पडतात, एवढं मात्र मी सांगून ठेवलंय, कारण समोरच्या खिडकीत कूलर बसणार आहे. तूर्त तिनं संत्र्याची बाग खाली आणली आहे, सोफ्यापासून साडेचार इंचांवर, आणि शेजारी दोन तेवढ्याच उंचीच्या रिकाम्या चौकटी टेकवून ठेवल्या आहेत. भाऊ म्हणतो, त्या रिकाम्याच बऱ्या दिसतात.