साधं प्रेमपत्र आणि कोरडं प्रेमपत्र

घिसंपिटं प्रेमपत्र सुधारायला बसलेली माणसं एका ठिकाणी हमखास चुकतात. उपमा काढून टाकल्या की पत्र साधं झालं, असं त्यांना वाटतं. पण बरेचदा ते साधं न होता कोरडं होतं. दोन्हींत शब्द सोपे आणि वाक्यं छोटी असतात, त्यामुळे वरवर पाहिलं तर फरक कळत नाही. वाचणारीला मात्र पहिल्या दोन ओळींतच कळतो.

माझ्या एका मित्राच्या पत्रात हे वाक्य होतं: ‘तुझ्या नयनांच्या अथांग सागरात मी कधीच बुडून गेलो आहे.’ मी म्हटलं, ही ओळ कुणालाही चालेल. नाव बदलून पत्र दुसऱ्या कुणाला दिलं, तरी काही बिघडणार नाही. त्याला ते पटलं आणि त्याने नवं वाक्य लिहिलं: ‘तुझे डोळे सुंदर आहेत आणि तू माझं नीट ऐकतेस.’ सागर गेला, पण त्याच्याबरोबर प्रेमही गेलं. हे तर ओळखीच्या कुणाहीबद्दल चांगला अभिप्राय देताना लिहावं तसं झालं.

मग मी त्याला विचारलं, की डोळ्यांचंच का सुचलं तुला? तो जरा थांबला आणि म्हणाला, ‘मी काही मनातलं बोलायला लागलो की ती चष्मा काढून मांडीवर ठेवते.’ हेच लिही म्हटलं. शेवटी ओळ अशी झाली: ‘मी मनातलं काही सांगायला लागलो की तू चष्मा काढून मांडीवर ठेवतेस. तेव्हा मी तुला धूसरच दिसत असणार. पण इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलेलं नाही.’

इथे एकही शब्द अवघड नाही, तरी ओळ कोरडी नाही. कोरड्या वाक्यात विशेषण निकाल देऊन मोकळं होतं: सुंदर, समजूतदार, प्रेमळ. साध्या वाक्यात ती काय करते ते दिसतं आणि त्याने लिहिणाऱ्याचं काय होतं तेही कळतं. ही दुसरी बाजू राहिली तर चष्म्याची गोष्टही नुसती माहिती होते. ‘तू चष्मा काढतेस’ एवढ्यावर थांबलं, तर ती म्हणेल, हो, काढते, मग?

कोरडेपणाची भीती वाटते म्हणून माणसं पुन्हा पुस्तकी मराठीकडे वळतात. बोलताना आपण कधी ‘तुझ्याविना’ म्हणत नाही, पत्रात मात्र तो शब्द येतो. मित्राने लिहिलं होतं, ‘तुझ्याविना माझे जीवन म्हणजे पाण्याविना मासा.’ त्याच्या जागी ‘तू नसलीस की करमत नाही’ आलं आणि ते मी बदलू दिलं नाही. ‘करमत नाही’ हा रोजचा शब्द आहे, पण त्यात पुरेसं दुखणं आहे. त्याला फक्त एका प्रसंगाचा आधार हवा होता: ‘काल परत येताना तुला सांगायची एक गंमत रस्ताभर मनात जुळवत आलो. तू झोपली असशील म्हणून फोन केला नाही. ती गंमत अजून तशीच पडून आहे.’

वचनांचंही तसंच. ‘चंद्रतारे तोडून आणीन’ ऐकायला मोठं, पण ते पाळायची वेळ कधी येत नाही. ‘तुला सुखात ठेवीन’ हे त्याचंच कोरडं रूप. मित्राला विचारलं, तुमचं अडतं कुठे? उत्तर लगेच आलं. मग त्याने लिहिलं: ‘भांडण झालं की मी दोन-दोन दिवस गप्प बसतो. ते तुला किती लागतं हे मला कळलंय. इथून पुढे कितीही राग आला तरी त्याच रात्री फोन करीन, बोलायला जमलं नाही तरी.’ मला सगळ्या पत्रात हीच ओळ सर्वांत प्रेमाची वाटते.

असे तपशील तीन-चारच पुरतात. दहा झाले की ती यादी होते, आणि आपल्यावर कुणी पाळत ठेवल्यासारखंही वाटू शकतं. तिने विश्वासाने सांगितलेली किंवा तिला लाज वाटणारी गोष्ट तर कितीही खरी असली तरी घालू नये.

आणि ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य काढायचं नाही. लाखो लोकांनी वापरलेलं असलं तरी ते उपमा नाही, सरळ म्हणणं आहे. फक्त मित्राच्या पत्रात ते पहिल्याच ओळीत होतं आणि पुढे आणखी चारदा आलं होतं. आम्ही ते एकदाच ठेवलं, त्या फोनच्या ओळीनंतर. त्याच्याखाली त्याने फक्त नाव लिहिलं, तेही ती हाक मारते ते.