हजचा ओघतक्ता : बाणांमागचा इतिहास

सहावी-सातवीच्या मुलांना हजचे टप्पे लिहिलेली कार्डे देऊन ओघतक्ता करायला सांगितला, की बहुतेक गटांची गाडी दोन ठिकाणी अडते. मुझदलिफाचा रात्रीचा मुक्काम अराफातच्या मैदानाआधी लावला जातो. आणि झिलहज महिन्याच्या दहाव्या तारखेची चार कार्डे हवी तशी फिरत राहतात. नाशिकच्या मुलांना यात्रा परकी नाही. त्र्यंबकची फेरी, रामकुंडावरची गर्दी त्यांनी पाहिलेली असते, काहींच्या घरातून कुणी ना कुणी हजला जाऊन आलेले असते. तरी चूक होते, कारण मुले एक तर नकाशावरून क्रम ठरवतात, नाही तर कथेवरून. हजचा क्रम या दोन्हींवरून ठरत नाही. इ.स. 632 मध्ये पैगंबर मुहम्मद यांनी हज केला आणि बरोबरच्या लोकांना सांगितले, की हजचे विधी माझ्याकडून शिकून घ्या. मदिनेला स्थलांतर केल्यानंतरचा हा त्यांचा एकमेव आणि अखेरचा हज. तक्त्यातला क्रम तिथून येतो.

कथा त्याहून फार जुनी आहे. हजरत इब्राहिम यांनी बीबी हाजरा आणि तान्ह्या इस्माईलला त्या ओसाड दरीत ठेवले. पाण्यासाठी हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावल्या आणि झमझमचा झरा लागला. पुढे मुलाच्या बलिदानाची परीक्षा आली. वाटेत सैतानाने अडवले तेव्हा त्याला खडे मारले गेले, आणि ऐनवेळी मुलाच्या जागी मेंढा आला. मग बाप-लेकांनी काब्याच्या भिंती उभारल्या. या कथेत हाजरांची धाव सर्वांत आधी आहे आणि काबा नंतर. विधीत मात्र आधी काब्याभोवतीचा तवाफ आणि त्यानंतर सफा-मरवाची सई. म्हणून तक्त्यात दोन ओळी करून घेणे मला आवश्यक वाटते : वर विधींची साखळी, खाली कथेची, आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या रेघा. या रेघा एकमेकींना छेदतात. त्या छेदतात हे मुलांनी स्वतः पाहिले, की अर्थ आणि क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावत बसावे लागत नाही.

आता मुझदलिफा. मक्केहून निघाले की आधी मीना लागते, मग मुझदलिफा, आणि सर्वांत लांब, सुमारे वीस किलोमीटरवर, अराफातचे मैदान. झिलहज महिन्याच्या आठव्या तारखेला यात्री मीनेत मुक्काम करतात आणि नवव्याला अराफातला पोचतात. जाताना मुझदलिफा वाटेतच असतो, पण तिथे मुक्काम नसतो. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत अराफातवर प्रार्थना करायची, दिवस मावळल्यावर निघायचे आणि परतीच्या वाटेवर मुझदलिफात उघड्यावर रात्र काढायची. मगरिब आणि इशाच्या नमाजा तिथे एकत्र होतात, खडेही बहुतेक जण तिथेच वेचतात.

या एका बाणामागे मोठा बदल दडलेला आहे. इस्लामपूर्व काळातही अरब लोक ही यात्रा करत. पण काब्याची देखभाल करणारे कुरैश अराफातला जात नसत. अराफात हरमच्या पवित्र हद्दीबाहेर येते. आपण हरमचे लोक, आपण हद्द का ओलांडायची, असे म्हणून ते मुझदलिफातच थांबत आणि बाकीचे सारे अराफातहून येत. पैगंबर स्वतः कुरैश होते, त्यामुळे तेही मुझदलिफातच थांबतील असे लोकांना वाटले होते. ते थेट अराफातला गेले. बाकीचे लोक जिथून परततात तिथूनच तुम्हीही परता, अशी आज्ञा कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मोठ्या घराण्याचा वेगळा थांबा तिथे संपला. वेळही बदलली. पूर्वी लोक सबीर डोंगरावर ऊन आल्यावर मुझदलिफातून हलत, आता सूर्योदयाच्या आधी निघायचे ठरले. म्हणून नवव्या तारखेच्या बाणांवर ‘सूर्यास्तानंतर’ आणि ‘सूर्योदयापूर्वी’ हे शब्द लिहून घ्यावेत. अराफातची चौकट ठळक काढावी, कारण तो थांबा चुकला तर त्या वर्षीचा हज होत नाही.

दहावा दिवस सर्वांत गजबजलेला. मीनेत सैतानाचे प्रतीक म्हणून तीन खांब आहेत, त्यांना जमरात म्हणतात. त्यातल्या मोठ्या जमरातला सात खडे, कुर्बानी, केस काढणे (स्त्रिया बोटाच्या पेराएवढे केस कापतात), मग मक्केला जाऊन तवाफ आणि सई. आपल्याकडच्या बहुतेक पाठ्यसामग्रीत ही एक सरळ रेघ असते. पण त्या 632 च्या हजमध्येच लोक पैगंबरांकडे येऊन सांगत होते, की मी कुर्बानीआधीच केस काढले, मी खडे मारण्याआधीच कुर्बानी केली. प्रत्येकाला उत्तर मिळाले : आता कर, हरकत नाही. या उत्तराचा अर्थ पुढच्या विद्वानांनी वेगवेगळा लावला. काही परंपरांत खडे, कुर्बानी, केस हा क्रम उत्तम मानला जातो, पण मोडला तरी दंड नाही. हनफी परंपरेत मात्र भारतीय यात्री बहुधा करतात त्या पद्धतीच्या हजमध्ये तो क्रम बंधनकारक आहे आणि मोडल्यास भरपाई म्हणून आणखी एक जनावर द्यावे लागते. नाशिक, मालेगावकडचे बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. सातवीतल्या एका मुलीने वर्गात सांगितले, “आमचे दादाजी एहराममध्येच बसून होते. कुर्बानी झाल्याचा निरोप मोबाइलवर आला, तेव्हा कुठे त्यांनी केस काढले.” एहराम म्हणजे यात्रेचा खास पोशाख आणि त्यासोबतचे निर्बंध, केस काढल्यावर तो सुटतो. हल्ली कुर्बानी कूपन घेऊन दुसऱ्यांकरवी होते, यात्री तिथे नसतो, म्हणून ही वाट पाहणे. तक्त्यात हे तीन विधी एका मोठ्या चौकटीत ठेवावेत, आतले बाण ठळक काढावेत आणि शेजारी ‘काही परंपरांत क्रम बदलला तरी चालतो’ अशी टीप द्यावी. तवाफच्या चौकटीचा बाण मात्र लांबवता येतो. दहाव्याला जमले नाही, तर हनफी परंपरेत बाराव्याच्या सूर्यास्तापर्यंत मुदत असते.

अकराव्या आणि बाराव्या तारखेला लहान, मधला, मोठा या क्रमाने तिन्ही जमरातना सात-सात खडे. म्हणजे दहाव्याचे सात धरून एकूण 49. तेराव्यालाही थांबले तर 70. खड्यांची ही बेरीज मुलांना द्यावी. बेरीज चुकली, तर दहाव्याला एकाच जमरातला खडे असतात हे त्यांच्या ध्यानात आलेले नाही, असे समजावे.

पहिल्या चौकटीचे थोडक्यात. नाशिकचे यात्री मुंबईहून जातात. 1995 पर्यंत जहाजेही जात, आणि यलमलम ही एहराम बांधण्याची सीमा समोर आली की लोक जहाजावरच एहराम बांधत. आता विमानात ती सीमा झरकन मागे पडते, म्हणून थेट मक्केला जाणारे एहराम मुंबईतच बांधून निघतात. आधी उमरा, म्हणजे तवाफ आणि सईची छोटी यात्रा, करून ते एहराम सोडतात आणि आठव्याला पुन्हा बांधतात. तेव्हा ‘एहराम’ची दोन कार्डे द्यायला हवीत. एकच दिले, तर मुले उमरा कुठे बसवायचा म्हणून अडतात.

आकृतीत काब्याभोवतीचा बाण घड्याळाच्या उलट दिशेने काढावा, काबा यात्रीच्या डाव्या हाताला असतो. देवळातल्या प्रदक्षिणेची सवय असलेली मुले हमखास उलटा काढतात. पैगंबरांची वा इब्राहिम-हाजरांची चित्रे काढू देऊ नयेत, जागांच्या खुणा पुरतात. शेवटची चौकट निरोपाच्या तवाफची. मदिनेचे कार्ड मुले आग्रहाने घालतात, कारण घरी ऐकलेल्या आठवणींत मदिना असतेच. ती भेट मनापासूनची असते, पण हजचा टप्पा नव्हे. तिची चौकट तुटक रेघेने, तक्त्याच्या बाजूला काढावी.