चुंबनाला कात्री, म्हणून काश्मीरची वारी?

‘सेन्सॉर चुंबन कापायचं, म्हणून हिरो-हिरॉइन काश्मीरला जाऊन गायचे ना?’

सेन्सॉरचा जाच होताच, पण गाण्याचं मूळ ते नव्हे. १९३३च्या ‘कर्मा’त देविका राणी आणि हिमांशु राय यांचं चुंबन पडद्यावर दिसलं, गाणी त्याआधीपासून होती, पारशी रंगभूमीवरून आलेली. डोंगरांनी जागा घेतली ती स्टुडिओतल्या बागेची. सुरुवातीला नट कॅमेऱ्यासमोरच गायचा, वादक आडोशाला लपायचे. माइक सोडून जाणार कुठे? १९३५मध्ये पार्श्वगायन आलं. आवाज आधीच मुद्रित होऊ लागला, नट मोकळा झाला. तरी कृष्णधवल चित्रपटात रंगवलेला पडदा आणि खोटा चंद्र खपून जायचा. रंगीत फिल्मवर खरा डोंगर दाखवण्यात मजा होती. १९६१च्या ‘जंगली’त शम्मी कपूर काश्मीरच्या बर्फात लोळला, आणि प्रेक्षक खूश!