सरकारी खर्चाचा गुणक

सरकारने खर्च वाढवल्यावर राष्ट्रीय उत्पन्न त्या खर्चाच्या किती पट वाढते, हे सांगणारी संख्या म्हणजे गुणक. ही कल्पना रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये रोजगाराच्या संदर्भात मांडली. केन्स यांनी १९३६ मध्ये तिला आपल्या उत्पन्नविषयक सिद्धान्ताचा आधार केले.

परीक्षेत येणारे एक उदाहरण घेऊ. सरकार रस्त्यांवर १०० कोटी रुपये जादा खर्च करते. कराचा दर उत्पन्नाच्या २५ टक्के आहे. कर भरून हाती उरलेल्या प्रत्येक जादा रुपयातले ८० पैसे लोक खर्च करतात, म्हणजे सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ आहे. शिवाय उत्पन्नातल्या दर जादा रुपयामागे १० पैसे आयात मालावर जातात.

सूत्राला हात घालण्याआधी पहिली फेरी कागदावर मांडावी. हे १०० कोटी मजूर, खडीवाले आणि ठेकेदार यांचे उत्पन्न होतात. त्यातले २५ कोटी करात जातात, ७५ उरतात. त्यांपैकी १५ कोटींची बचत होते आणि ६० कोटी खर्चाला निघतात. त्यातलेही १० कोटी पामतेलासारख्या बाहेरून येणाऱ्या मालावर जातात. देशातल्या दुकानदार-उत्पादकांकडे पोचतात ते ५० कोटी. पुढच्या फेरीत त्याचे २५, मग १२.५, असे निम्मे-निम्मे होत बेरीज २०० कोटींवर स्थिरावते. प्रत्येक फेरीत पुढे जाणारा वाटा ०.५ आहे, म्हणून गुणक = १ ÷ (१ − ०.५) = २.

विद्यार्थी हमखास चुकतात ते इथेच. ०.८ दिसले की ते १ ÷ ०.२ करून गुणक ५ काढतात आणि उत्तर ५०० कोटी लिहितात. ते कर आणि आयात नसलेल्या अर्थव्यवस्थेचे उत्तर झाले. आयातीचे प्रमाण एकूण उत्पन्नावर दिले आहे की करोत्तर उत्पन्नावर, हेही वाचून घ्यावे, कारण त्याने उत्तर बदलते. सरकारने तेच १०० कोटी रस्त्याऐवजी अनुदान म्हणून वाटले, तर ते थेट मागणी होत नाहीत. या गणितात अनुदानातला एक हिस्सा आधीच बचतीत मुरतो, म्हणून परिणाम कमी येतो.

उत्तराची पडताळणी गळतीवरून करता येते. उत्पन्न २०० कोटींनी वाढले तर कर ५० कोटी, उरलेल्या १५० कोटींवर बचत ३० कोटी, आयात २० कोटी. बेरीज बरोबर १०० कोटी, म्हणजे सरकारने ओतले तेवढेच. करातून ५० कोटी परत आल्याने वित्तीय तूटही फक्त ५० कोटींनी वाढते. माझ्या मते सूत्र पाठ करण्यापेक्षा ही बेरीज जमणे महत्त्वाचे.

या गणितात किमती आणि व्याजदर स्थिर धरलेले असतात आणि रिकामे कारखाने, बेकार हात उपलब्ध आहेत असे मानलेले असते. भारतासारख्या देशात हे गृहीत धरता येत नाही, असे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्येच दाखवले. मागणी वाढली तरी शेतीचे उत्पादन लगेच वाढत नाही आणि जादा पैसा बराचसा भाववाढीत जिरतो. अशा वेळी २०० कोटींची वाढ कागदी उत्पन्नात दिसेल, प्रत्यक्ष मालात नाही.