तीन पुनर्लेखनांतून परिच्छेद जुळवणे

एकाच परिच्छेदाची तीन स्वतंत्र पुनर्लेखने समोर ठेवून, त्यांपैकी कोणतेही एक जसेच्या तसे न स्वीकारता, प्रत्येकातील सरस भाग उचलून चौथा परिच्छेद सिद्ध करण्याची संपादनपद्धती. पाठ्यपुस्तके, माहितीफलक, स्मरणिका आणि कोशनोंदी यांच्या संपादनात ती उपयोगी पडते.

पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते संभवतात. एका मताप्रमाणे ही वृत्तपत्रीय टेबलावरची सोय आहे: वेळ थोडा, हात अनेक, म्हणून जे चांगले ते घ्यावे. दुसरे मत तिचा संबंध पाठचिकित्सेशी, म्हणजे जुन्या ग्रंथाच्या अनेक पोथ्या ताडून त्याची मूळ संहिता ठरवण्याच्या शास्त्राशी जोडते. पुण्यापुरते बोलायचे तर दुसऱ्या मताला आधार अधिक आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५ पासून वि. सी. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. कोणतीही एक पोथी प्रमाण न मानता अनेक पोथ्यांतील पाठांची तुलना करायची आणि एकेका श्लोकाचा, प्रसंगी एकेका शब्दाचा निर्णय करायचा, हे त्या कामाचे सूत्र होते. जो पाठ पुरेसा निश्चित वाटला नाही, त्याखाली मुद्रणातच नागमोडी रेषा दिलेली आहे.

मात्र साम्य ताणू नये. पाठचिकित्सक हरवलेल्या मूळ संहितेकडे जाऊ पाहतो. पुनर्लेखन जुळवणाऱ्यापुढे मूळ परिच्छेद असतोच, त्याला तो सुधारायचा असतो. जोसेफ बेदिए या फ्रेंच अभ्यासकाने १९२८ मध्ये घेतलेला आक्षेप असा होता, की निवडक पाठ जोडून तयार झालेली संहिता कधीच कोणी लिहिलेली नसते, म्हणून एखादी चांगली पोथी धरून चालावे. पोथ्यांच्या बाबतीत हा आक्षेप जड आहे. पुनर्लेखनाच्या बाबतीत तो फारसा लागू पडत नाही, कारण इथे नवी संहिता घडवणे हाच हेतू असतो.

पाठचिकित्सेतून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी घ्यावी लागते, ती म्हणजे साक्षींचे स्वातंत्र्य. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्यांचे मत एकच धरले जाते. त्याचप्रमाणे दुसरे पुनर्लेखन पहिल्यावरून आणि तिसरे दुसऱ्यावरून केले, तर हाती तीन पर्याय येत नाहीत. एकाच पर्यायाच्या तीन पायऱ्या येतात. तिन्ही पुनर्लेखने मूळ परिच्छेदावरूनच व्हावीत. लिहिणारा एकच असेल तर आधीचा कागद झाकून ठेवावा आणि प्रत्येक वेळी सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी: एकदा घटनेपासून, एकदा कारणापासून, एकदा स्थळापासून.

पुढील उदाहरण पानशेतच्या पुरावरील फलकाच्या मजकुराचे आहे. मूळ परिच्छेद असा: ‘दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत येथील धरण फुटून त्यातील पाणी खडकवासला धरणात आले असता तेही फुटल्यामुळे पुणे शहरातील नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरून घरांचे मोठे नुकसान झाले असून पाणीपुरवठाही खंडित झाला होता.’

पुनर्लेखन अ: ‘१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्याचे पाणी खडकवासल्याच्या जलाशयात उतरले आणि तेही धरण फुटले. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरून असंख्य घरे भुईसपाट झाली. पाणीपुरवठा बंद पडला.’

पुनर्लेखन ब: ‘पुण्याला पाणी पुरवणारे खडकवासला धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, पानशेतचे धरण त्याच्या काही तास आधी फुटले होते. पाण्याचा स्रोतच गेल्यामुळे पूर ओसरला तेव्हा नळांना पाणी नव्हते.’

पुनर्लेखन क: ‘पानशेतचा बांध नवा होता. तो फुटला आणि त्याचा लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही. मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा पेठांत चढलं.’

घटनांचा क्रम अ मध्ये सर्वांत सरळ आहे, म्हणून पाया अ चा. ब ची मांडणी उलटी आहे, पण पूर आणि पाणीटंचाई यांचा संबंध फक्त तिथेच उलगडतो. मूळ परिच्छेदात ‘ही’ या एका अव्ययाने ती गोष्ट नुसती चिकटवलेली होती. क मध्ये तारीखच गळाली आहे, तरी ‘पेलवला नाही’ हे क्रियापद आणि पेठांची नावे तिघांत उजवी. हे भाग नुसते जोडले तर असे होते: ‘१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. तो फुटला आणि त्याचा लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही, तेही फुटले. मुठेचं पाणी नारायण, शनिवार, कसबा पेठांत चढलं, असंख्य घरे भुईसपाट झाली.’

सांधा कुठे निसटला ते इथे दिसते. क मधला ‘तो’ पुल्लिंगी बांधासाठी होता. पायात नपुंसकलिंगी धरण आल्यावर तो निराधार झाला. ‘चढलं’ आणि ‘झाली’ यांच्यातून बोलीचे व ग्रंथाचे वळण एकाच वाक्यात आले. मराठीत क्रियापद आणि सर्वनाम लिंगवचनाला बांधलेले असल्यामुळे उसना घेतलेला तुकडा पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो. म्हणून जोडणीनंतर प्रत्येक ‘तो, ती, ते’ कशाकडे बोट दाखवतो, हे मागे जाऊन पाहावे.

दुसरा दोष अधिक चोरटा असतो. ‘असंख्य घरे भुईसपाट झाली’ हे वाक्य वाचायला जोरकस आहे, पण मूळात फक्त ‘मोठे नुकसान’ आहे. एकाच पुनर्लेखनात असलेला आणि मूळात नसलेला तपशील प्रक्षिप्त समजून बाजूला काढावा आणि स्वतंत्र आधार मिळाला तरच परत घ्यावा. ‘सकाळी’, ‘काही तास आधी’ आणि पेठांची नावे याच कसोटीवर राहिली, ‘असंख्य’ गेले. नागमोडी रेषेची रीत इथे कामाला येते: उसन्या तपशिलाखाली पेन्सिलीने ती ओढावी आणि खातरजमा झाल्यावरच खोडावी. तिन्ही पुनर्लेखनांत एखादी गोष्ट सारखी आली म्हणून ती खरी ठरत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मूळातली चूक तिघांनीही इमानेइतबारे उतरवलेली असू शकते.

अंतिम परिच्छेद: ‘१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही आणि काही तासांत तेही धरण फुटले. मुठेचे पाणी नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत चढून घरांचे मोठे नुकसान झाले. शहराला पाणी पुरवणारे धरणच गेल्यामुळे पूर ओसरला तेव्हा नळांना पाणी नव्हते.’ ‘बांध नवा होता’ हे वाक्य खरे असूनही घेतलेले नाही. ते धरण का फुटले या वेगळ्या प्रश्नाचे दार उघडते आणि चार ओळींच्या फलकावर त्याचे उत्तर मावत नाही. चांगला भाग सोडून देणे ही या पद्धतीतील सर्वांत अवघड पायरी म्हणावी लागेल. ती टाळली की परिच्छेद विनाकारण लांबत जातो, आणि जोडणी फसल्याची ती सहज ओळखू येणारी खूण आहे.

ललित गद्यात पद्धतीचा उपयोग मर्यादित आहे, कारण तिथे वाक्याची लय शेजारच्या वाक्यावर अवलंबून असते. करार आणि अधिसूचना यांत एका मसुद्यातील व्याख्या दुसऱ्यातील अटीला जुळेलच असे नसल्याने एकच मसुदा धरून दुरुस्ती करणे सुरक्षित.